मोटारी आधी आपल्यापुरत्या बनवाव्या की जगासाठी? आरिका, उल्सान आणि गरीब देशांची कारखानदारी

रिकामटेकडा_अभ्यासू

गरीब देशाला कारखानदारी उभी करायची असेल तर आयात रोखून आधी देशातल्या गिऱ्हाइकासाठी माल बनवावा, की पहिल्यापासून निर्यातीवर नजर ठेवावी, हा वाद इथे अधूनमधून उकरला जातो. दर वेळी तो 'नियोजन वाईट, बाजार चांगला' किंवा त्याच्या उलट अशा घोषणांवर येऊन थांबतो. म्हणून या धाग्यात एकच उद्योग घेऊ, मोटारींचा. एकाच काळात दोन गरीब देशांनी तो सुरू केला आणि निकाल पार वेगळे लागले.

पहिला देश चिली. उत्तर टोकाला, पेरूच्या सीमेजवळच्या वाळवंटात आरिका नावाचं बंदर आहे. मागास भागात उद्योग यावेत म्हणून सरकारनं तिथे सवलती दिल्या, तयार गाड्यांच्या आयातीवर जबर बंधनं घातली आणि जोडणी कारखान्यांना परवाने वाटले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वीसेक कंपन्या झाल्या होत्या. सगळ्यांचं मिळून वर्षाचं उत्पादन दहा हजार गाड्यांच्याही आत. देशी भाग वापरायची सक्ती होती आणि ते भाग बहुतांशी सांतियागोच्या आसपास बनत. म्हणजे भाग सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला जायचे, गाडीला जोडले जायचे आणि तयार गाडी पुन्हा तेवढीच दक्षिणेला यायची, कारण गिऱ्हाईक सांतियागोत. गाडीची किंमत जगातल्या भावाच्या दुपटीहून जास्त. सत्तरच्या दशकात लष्करी राजवटीनं आयात खुली करायला घेतली तेव्हा यातले बहुतेक कारखाने बंद पडले.

दुसरा देश दक्षिण कोरिया. ह्युंदाई मोटर १९६७ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या वर्षापासून उल्सान शहरात फोर्डची कॉर्टिना जोडू लागली. १९७६ मध्ये तिची स्वतःची 'पोनी' रस्त्यावर आली आणि त्याच वर्षी मोजके नग एक्वादोरला रवाना झाले. दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, 'एक्सेल' अमेरिकेत उतरली आणि पहिल्याच वर्षी दीड लाखांवर खपली.

प्रश्न असा, की फरक नेमका कशानं पडला? आणि कोरियाच्या वाटेत कोणते धोके होते जे आपण यशाच्या गोष्टीत विसरतो?

सरळसोट

उत्तर तुमच्याच लेखात आहे की. चिलीनं दारं बंद केली, कोरियानं उघडी ठेवली. स्पर्धा असली की माणूस सुधारतो. संरक्षण दिलं की उद्योग ऐतखाऊ होतो. यात अभ्यास करण्यासारखं फार काही नाही.

हिशेबनीस

@सरळसोट, ऐतखाऊपणाचं अगदी मान्य. पण कोरियानं मोटारींची दारं उघडी ठेवली हे खरं नाही. तयार गाड्यांची आयात तिथे १९८७ च्या सुमारापर्यंत जवळपास बंदच होती. पोनी ज्या दिवशी बाजारात आली त्या दिवशी तिच्यासमोर आयात केलेली गाडी जवळपास उभीच नव्हती. संरक्षणाच्या बाबतीत कोरिया चिलीच्याच पंगतीला होता.

आणि कोरियाचीही एक 'आरिका' होऊन गेली आहे. १९६२ मध्ये सेनारा नावाच्या कंपनीनं निसानच्या ब्लूबर्डचे सुटे भाग आणून जोडणी सुरू केली. तीन हजारांच्या आत गाड्या झाल्या आणि परकीय चलन संपल्यावर वर्षभरात कारखाना ठप्प. भाग आणायला डॉलर लागत आणि गाडी विकून मिळे वॉन. आयात वाचवायला काढलेला कारखाना आयातीवाचून मेला. या सापळ्यात तेव्हा अर्धं जग अडकलं होतं.

फरक पडला तो संरक्षणाच्या बदल्यात काय मागितलं यात. चिलीनं मागितलं 'देशी भाग वापरा'. कोरियानंही ते मागितलं, पण त्यावर 'आणि बाहेर विकून दाखवा' हे जोडलं.

विद्यार्थीदशा

देशी भाग वापरायला सांगणं यात वाईट काय? तेवढीच आयात कमी झाली ना? मला वाटायचं की आयात पर्यायीकरणाचा, म्हणजे बाहेरून येणारा माल देशातच बनवण्याचा, सगळा मुद्दाच तो आहे.

हिशेबनीस

आकडे मांडून बघू. आकडे काल्पनिक आहेत, पण घडतं ते असंच.

समजा जगात एक गाडी २,००० डॉलरला मिळते आणि तिचे सगळे सुटे भाग १,६०० डॉलरला. म्हणजे जोडणी, रंग, तपासणी या कामाची जगाच्या बाजारातली किंमत ४०० डॉलर. आता सरकारनं तयार गाडीवर १०० टक्के आयातशुल्क लावलं आणि भागांवर १०. देशातला कारखानदार गाडी ४,००० पर्यंत विकू शकतो आणि भाग त्याला १,७६० ला पडतात. त्याच्या हातात २,२४० डॉलरची जागा, आणि ती जागा ज्या कामाला मिळाली त्याचं मोल ४००. कागदावर शुल्क शंभर टक्के, पण त्या कामाला मिळालेलं खरं संरक्षण साडेचारशे टक्क्यांच्या वर. एवढ्या उबेत कोण कशाला सुधारेल?

आता तुमच्या देशी भागांकडे येऊ. किटमधून, म्हणजे बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांच्या संचातून, बॅटरी आणि टायर वगळा असं परदेशी कंपनीला कळवलं, तर ती किटच्या किमतीतून त्यांचं पूर्ण मोल कधीच वजा करत नाही. समजा टायरचे ६० डॉलर होत असतील तर ती ३५ कमी करते. ठरलेला माल पेटीत भरायची तिची व्यवस्था बसलेली असते, त्यातून वस्तू काढणं हेच तिला जादा काम. मग देशात टायर करायचे तर रबर, तारा, रसायनं आणि यंत्रं बाहेरून आणायची. त्यात ४० डॉलर गेले तर ३५ वाचवायला ४० खर्च झाले. असे दहा-पंधरा भाग जमले की गाडी पूर्ण आणली असती तर जेवढे डॉलर गेले असते, त्याहून जास्त ती 'देशात बनवण्यात' जातात. हा प्रकार लॅटिन अमेरिकेत आणि आशियातही अनेक उद्योगांत प्रत्यक्ष सापडलेला आहे.

कारखान्यात जाऊन हे दिसत नाही, हीच गोम आहे. तिथे कामगार आहेत, धूर निघतोय, गाड्या बाहेर पडताहेत, फीत कापून झाली आहे. एकूण किती परकीय चलन गेलं आणि त्या बदल्यात जगाच्या भावानं किती मोलाची वस्तू हाती आली, हे मांडल्याशिवाय भोक सापडत नाही.

स्वदेशीचा_पाईक

म्हणजे लोकांनी परदेशी गाडीच घ्यावी असं तुमचं म्हणणं दिसतंय. मी तरी आयुष्यभर देशी वस्तूच वापरल्या आणि माझं काही अडलं नाही. निष्ठा नावाची काही गोष्ट असते.

रिकामटेकडा_अभ्यासू

काका, कुणी काय विकत घ्यावं हा विषयच नाही. सरकारनं कारखानदाराला काय द्यावं आणि त्याच्याकडून काय वसूल करावं, हा आहे.

@हिशेबनीस, पण 'बाहेर विका' म्हटल्यानं ती उब कशी कमी होते? गाडी देशात महागच राहिली ना?

हिशेबनीस

महागच राहिली. पोनीची देशातली किंमत पाच हजार डॉलरच्या आसपास होती आणि परदेशात ती साधारण निम्म्या भावानं, बनवायच्या खर्चाहूनही कमीत विकली जात होती. तोटा कोरियन गिऱ्हाइकाच्या खिशातून भरून काढला जाई. म्हणून कोरियात हे फुकट झालं असं कुणी म्हणू नये.

पण त्यातून एक गोष्ट झाली, आणि ती म्हणजे आकार. गाडीचा पत्रा दाबायचे साचे, ज्यांना कारखान्यात डाय म्हणतात, ते हजार गाड्यांना लागतात तेवढेच लाख गाड्यांना लागतात. समजा एका मॉडेलचा संच ५० लाख डॉलरचा आहे आणि मॉडेल पाच वर्षं चालतं. वर्षाला हजार गाड्या केल्या तर प्रत्येक गाडीवर साच्यांचे हजार डॉलर बसतात. वर्षाला लाख केल्या तर दहा. आरिकातल्या वीसेक कंपन्यांत प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाला काही शे गाड्या येत, म्हणून तिथे देशी साचे करणं वेडेपणाच होता. कोरियानं १९७४ च्या योजनेत मोजक्या तीन कंपन्यांना हाताशी धरलं. ह्युंदाईनं पोनीसाठी वर्षाला ५६ हजार गाड्यांचा कारखाना बांधला, जेव्हा अख्ख्या देशात तेवढ्या गाड्या खपत नव्हत्या. बाहेर विकणं भागच होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे निर्यातीचा आकडा सहजी खोटा दाखवता येत नाही. नफा दाखवता येतो, देशी भागांची टक्केवारी कागदावर फुगवता येते. ब्राझीलनं १९५६ नंतर मोटारी ९०-९५ टक्के देशी असाव्यात अशी अट घातली आणि ती मोजली कशावर? वजनावर! पण जहाजानं गेलेली गाडी परदेशी माणसानं पैसे मोजून घेतली की नाही, हे बँकेत आलेल्या डॉलरवरून कळतं.

मुक्ता_निर्यात

मी सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघते. तुमची चर्चा फार वरून चाललीये म्हणून खालचं सांगते. आम्ही कच्चा माल आयात करतो, त्यावर शुल्क भरतो. माल निर्यात झाला की ते परत मिळतं. नियमात सगळं छान आहे. पण शिपिंग बिलावरचं वर्णन आणि आयातीच्या कागदावरचं वर्णन एका शब्दानं वेगळं निघालं की परतावा अडकतो. एकदा 'स्टील स्ट्रिप' आणि 'स्टील शीट' एवढ्यावरून सहा महिने पैसे अडकले. तेवढे दिवस आम्ही बँकेचं व्याज भरत बसलो आणि निर्यातीवरचा सगळा फायदा त्यात गेला. मालक सरळ म्हणाले, देशातच विकू, निदान पैसे तरी येतात. धोरण निर्यातीचं असून आम्ही देशी बाजाराकडे वळलो. कोरियाचं हे कसं होतं?

हिशेबनीस

@मुक्ता_निर्यात, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. कोरियाचं खरं काम इथेच झालं.

निर्यातदाराला कच्चा माल बिनशुल्क मिळे. म्हणजे आधी भरा आणि मग परत मागा ही भानगड साठच्या दशकात बरीचशी नव्हतीच. शिवाय वाया जाणाऱ्या मालासाठी सूट होती आणि ती मुद्दाम सैल ठेवलेली असे. उरलेला बिनशुल्क माल देशात चढ्या भावानं विकून निर्यातदार चार पैसे जास्त करून घेई. ही आडवाटेची लाचच होती म्हणा, पण निर्यात झाल्यावरच मिळणारी. परदेशी गिऱ्हाइकाचं पतपत्र, म्हणजे त्याच्या बँकेची पैसे देण्याची हमी, हातात आलं की बँक स्वस्त कर्ज देई. १९६५ च्या व्याजदर बदलानंतर साधं कर्ज साधारण २६ टक्क्यांना असताना निर्यातीचं सहा-साडेसहाला मिळत होतं. महत्त्वाचं म्हणजे निर्यातदार आपल्या पुरवठादाराला त्या पतपत्राच्या आधारावर देशांतर्गत पतपत्र देऊ शके, आणि मग पुरवठादारालाही तेच व्याज, तीच शुल्कमाफी. तुमच्यासारख्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला याचा लाभ व्हायचा.

त्याआधी मे १९६४ मध्ये वॉन १३० वरून २५५ ला एक डॉलर असा घसरवला. हे केलं नसतं तर बाकीचं सगळं वाया गेलं असतं. आयात रोखणाऱ्या देशांत चलन हमखास महाग ठेवलं जातं, कारण त्यानं यंत्रं स्वस्त पडतात. पण त्याच दरानं निर्यातदाराची मान आवळली जाते.

आणि राष्ट्राध्यक्ष पार्क दर महिन्याला निर्यातीची बैठक घेत. मंत्री, बँकर, कारखानदार एका खोलीत. कुणाचा माल कुठे अडला हे तिथे निघे. 'स्ट्रिप' की 'शीट' हा वाद तिथे सहा महिने टिकला नसता.

घणाचा_घाव

छान. आता त्या बैठकीत कोण नव्हतं ते मी सांगतो. कामगार. १३ नोव्हेंबर १९७० ला सोलच्या प्योंगह्वा बाजारात चोन ते-इल या बावीस वर्षांच्या शिलाई कामगारानं स्वतःला पेटवून घेतलं. मागणी काय होती? नवा कायदा नव्हे. असलेला कामगार कायदा पाळा, एवढीच. पोटमाळ्यावर उभं राहता येत नाही अशा खोल्यांत कोवळ्या मुली रोज चौदा-पंधरा तास शिवत होत्या. निर्यातीचे 'निकाल' मोजताना हा हिशेब कोणत्या रकान्यात जातो? हुकूमशहा महिन्याला बैठक घेतो याचं कौतुक करताना जरा जपून.

सरळसोट

पण पगार तर वाढले ना नंतर? आयात रोखणाऱ्या देशांतल्या कामगारांना काय मिळालं? आरिकातले कारखाने तर बंदच पडले.

घणाचा_घाव

वाढले. आणि १९८७ च्या संपांनंतर जोरात वाढले. ते बैठकीतून नाही, रस्त्यावर उतरून मिळालं. शिवाय आयात रोखणाऱ्या लॅटिन देशांत संघटित कामगाराला, निदान कारखान्यातल्या, बरा पगार आणि संघटना होती. बाहेरच्यांना नव्हती, हे मान्य.

तळटीप

उशिरा आले. दोन गोष्टी.

पहिली, आयात पर्यायीकरणाला इथे आरिकाच्या मापानं मोजणं थोडं अन्यायाचं आहे. चिली म्हणजे चिमुकला बाजार. ब्राझीलची अर्थव्यवस्था १९५० ते १९८० अशी तीस वर्षं सरासरी सात टक्क्यांच्या आसपास वाढली आणि मोटारी हा त्याचा कणा होता. वजनावर मोजणं हास्यास्पद असेल, पण त्यातून सुटे भाग बनवणारे खरे कारखाने उभे राहिले. १९७२ पासून ब्राझीलनंही 'निर्यातीचा करार करा, मग यंत्रं आणि भाग शुल्काशिवाय आणा' अशी योजना आणली आणि तिथून मोटारी बाहेर जाऊ लागल्या. तो पाया आधी नसता तर निर्यात कशाची केली असती? हे दोन रस्ते एकमेकांविरुद्ध आहेत असं मानणंच मला पटत नाही.

दुसरी, ब्राझील आणि कोरिया दोघंही कर्जात बुडाले होते. ऐंशीच्या सुरुवातीला कोरिया विकसनशील जगातल्या मोठ्या कर्जदारांपैकी होता. १९८० मध्ये त्याची अर्थव्यवस्था आक्रसली, मोटारींचा खप कोसळला आणि किआला काही वर्षं प्रवासी गाड्या बनवायला सरकारनं मनाई केली. तरी १९८२ मध्ये मेक्सिकोनं हात वर केल्यावर जी लाट आली तिच्यात ब्राझील बुडाला आणि कोरिया तरला. उत्पन्नाच्या मानानं कर्ज दोघांचं सारखंच जड होतं. निर्यातीच्या मानानं मात्र कोरियाचं बरंच हलकं. कर्ज डॉलरमध्ये फेडायचं असतं आणि डॉलर कोरियाकडे येत होते. मला विचाराल तर निर्यातीचा सगळ्यात मोठा फायदा हा आहे. कार्यक्षमता वगैरे नंतर.

हिशेबनीस

@तळटीप, पहिल्या मुद्द्याशी सहमत, दुसऱ्याशी निम्मा. निर्यातीनं १९८२ तारून नेलं, पण १९९७ मध्ये त्याच व्यवस्थेनं घात केला. जानेवारीत हानबो पोलाद कोसळलं, जुलैत किआ, आणि डिसेंबरापर्यंत वॉन नऊशेच्या आसपासवरून दोन हजारांच्या जवळ गेला. निर्यात करत राहिलास तर बँक कर्ज देत राहील ही सवय लागली होती. मोठ्या समूहांनी अल्पमुदतीच्या कर्जावर कारखाने वाढवत नेले. बाहेर विकण्याच्या शिस्तीनं आकार शिकवला, कधी थांबायचं ते शिकवलं नाही.

विद्यार्थीदशा

मग मलेशियाचं काय? प्रोटॉननंही संरक्षण घेतलं, मित्सुबिशीचं तंत्रज्ञान घेतलं, गाड्या बाहेरही पाठवल्या.

हिशेबनीस

प्रोटॉन हे अगदी मासलेवाईक उदाहरण. कंपनी १९८३ ची, सागा गाडी १९८५ ची. शुल्काच्या भिंतीआड देशातला बहुतेक बाजार तिनं काबीज केला. निर्यात झाली, पण मर्जीची. न केल्यास काही जाणार नव्हतं. सरकार स्वतःच भागीदार, मग कान कोण पिळणार? शेवटी २०१७ मध्ये ४९.९ टक्के हिस्सा चीनच्या जीलीला गेला. कोरियात निर्यात जमली नाही तर स्वस्त कर्ज जायचं, आणि बँका सरकारच्या असल्यामुळे ते खरंच जायचं. शिक्षा करायची ताकद आणि इच्छा दोन्ही लागतात. किती सरकारांकडे त्या आहेत, इथे माझी गाडी अडते.

रिकामटेकडा_अभ्यासू

आज एखाद्या गरीब देशानं पोनीचाच डाव खेळायचा म्हटलं तर? आयातबंदी, देशी भागांची सक्ती, निर्यातीवर स्वस्त कर्ज?

तळटीप

बराचसा बेकायदेशीर ठरेल. जागतिक व्यापार संघटनेच्या करारांत देशी भागांची सक्ती बसत नाही आणि निर्यातीच्या अटीवर दिलेलं अनुदानही नाही. अनुदानाच्या बंदीतून फक्त सर्वात अविकसित देशांना आणि दरडोई उत्पन्न १,००० डॉलरखाली असलेल्या काही ठरावीक देशांना सूट आहे. म्हणजे जेमतेम वर यायला लागलात की शिडी काढून घेतली.

पण थायलंडनं वाट काढली. स्वतःच्या ब्रँडचा हट्ट धरला नाही. देशी भागांची सक्ती २००० मध्ये सोडली. पिकअपवर अबकारी कर अगदी कमी आणि साध्या मोटारीवर भरपूर ठेवला. कर देशी-परदेशी सगळ्यांना सारखाच, त्यामुळे नियमात बसतो. लोक पिकअप घेऊ लागले, एकाच प्रकाराची मागणी एवढी वाढली की जपानी कंपन्यांनी साचे आणि इंजिनं तिथेच करायला घेतली आणि तिथून जगभर पाठवली. हिशेबनीसांचा तो पन्नास लाख डॉलरचा साच्यांचा संच करानंच वसूल करून दिला.

सरळसोट

पण नफा तर जपानला गेला. मग ती थायलंडची कारखानदारी कशी?

घणाचा_घाव

अरेच्चा, हे तुम्ही विचारताय? पहिल्या प्रतिसादात दारं उघडी ठेवायची होती ना?

मुक्ता_निर्यात

नफा कुणाचा ते बघू नंतर. त्या पिकअपचे स्प्रिंग, नळ्या, सीटचे सांगाडे कोण बनवतं, आणि त्या पुरवठादाराला पैसे किती दिवसांनी मिळतात, हे कुणाला माहीत असेल तर लिहा. तिथले पुरवठादारही पुढे जपानीच झाले असं ऐकलंय.

तळटीप

@मुक्ता_निर्यात, थेट कंपनीला पुरवणाऱ्यांत जपानी आणि भागीदारीतले भरपूर आहेत. १९९७ च्या संकटात अनेक थाई भागीदारांना आपला हिस्सा सोडावा लागला. निव्वळ थाई कारखाने बहुतेक खालच्या पायरीवर, पुरवठादारांचे पुरवठादार म्हणून आहेत. वर चढलेले आहेत, पण थोडे. ते कसे चढले यावर वेगळा धागा काढते. साचे बनवणाऱ्यांपासूनच सुरुवात करावी लागेल.